५५५ अस्टेबलचा वेळ बसवताना: आधी कपॅसिटर, मग खालचा रेझिस्टर, वरचा शेवटी

सातपूरला माझं सर्किट दुरुस्तीचं टेबल आहे. संध्याकाळी तिथे डिप्लोमाची पोरं येतात, अधूनमधून निफाडकडचे शेतकरीही येतात, आणि दर पंधरा दिवसांनी कुणीतरी ५५५ ही टायमर आयसी घेऊन येतोच. तक्रार ठरलेली असते: "काका, मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये बरोबर येतंय, पण दिवा मनासारखा लुकलुकत नाही." कुणाचा दिवा पेटूनच राहतो, कुणाचा भलत्या वेगाने चालतो. आयसी मात्र दहापैकी नऊ वेळा चांगली निघते. चुकलेली असते ती किमती ठरवण्याची पद्धत.

बहुतेक जण फ्रिक्वेन्सीचं सूत्र घेतात, त्यात हाताला लागतील ते दोन रेझिस्टर घालतात आणि उत्तर जुळेपर्यंत आकडे हलवत बसतात. अशाने फ्रिक्वेन्सी जुळते, पण ड्युटी सायकल, म्हणजे एका फेरीतला किती हिस्सा आउटपुट चालू राहतो ते प्रमाण, नशिबावर जातं. खाली जो क्रम देतोय त्यात दोन्ही एकदमच ठरतात.

उदाहरण खरंखुरं घेतो. लासलगावला कांदा घेऊन जाणाऱ्या एका ट्रॅक्टरवाल्याला ट्रॉलीच्या मागे लुकलुकणारा लाल दिवा हवा होता. सेकंदाला साधारण एकदा लुकलुकावा, आणि पेटलेला वेळ पाव सेकंदाच्या आसपास असावा, म्हणजे लांबून झटका दिल्यासारखा दिसेल. हा दिवा जादाचा. ट्रॉलीला लागणारे रिफ्लेक्टर आणि टेललॅम्प आपल्या जागी हवेतच.

## टप्पा १: कागदावर पेटलेला आणि विझलेला वेळ लिहा, फ्रिक्वेन्सी नको

अस्टेबल, म्हणजे आपोआप चालू-बंद होत राहणाऱ्या, सर्किटमध्ये दोन रेझिस्टर आणि एक कपॅसिटर. आउटपुट म्हणजे पिन ३. वरचा रेझिस्टर प्लसपासून पिन ७ पर्यंत. खालचा पिन ७ पासून पिन ६ पर्यंत. पिन ६ आणि पिन २ एकमेकींना जोडलेल्या, आणि तिथूनच कपॅसिटर ग्राउंडला. सूत्रांत वरच्याला `Ra`, खालच्याला `Rb` म्हणू.

आत काय चालतं ते एकदा नीट पाहून घ्या, म्हणजे सूत्र पाठ करावं लागणार नाही. कपॅसिटर भरतो तेव्हा करंट प्लसकडून दोन्ही रेझिस्टरमधून येतो. कपॅसिटरवरचा व्होल्टेज सप्लायच्या दोन तृतीयांशावर पोचला की पिन ६ ला ते कळतं, आउटपुट लो होतं आणि पिन ७ आतल्या ट्रान्झिस्टरमुळे ग्राउंडला जोडली जाते. आता कपॅसिटर रिकामा होतो, पण फक्त खालच्या रेझिस्टरमधून, कारण पिन ७ त्याच्या वरच्या टोकालाच बसली आहे. व्होल्टेज एक तृतीयांशावर उतरला की पिन २ जागी होते, पिन ७ सुटते, आउटपुट हाय होतं आणि पुन्हा भरणं सुरू.

भरताना दोघं, रिकामं होताना एकटा. या लेखातलं बाकी सगळं यातूनच निघतं.

```
t_high = 0.693 × (Ra + Rb) × C
t_low  = 0.693 × Rb × C
f      = 1.44 / ((Ra + 2Rb) × C)
```

०.६९३ हा आकडा दोनाच्या नैसर्गिक लॉगचा आहे. भरायला लागताना कपॅसिटर सप्लायपासून दोन तृतीयांश दूर असतो आणि थांबतो तेव्हा एक तृतीयांश, म्हणजे अंतर बरोबर निम्मं झालेलं असतं. रिकामं होतानाही दोन तृतीयांशाचं एक तृतीयांश, म्हणजे निम्मंच. दोन्ही पातळ्या सप्लायच्या प्रमाणात सरकतात, म्हणून ९ व्होल्ट द्या की १२, वेळ जवळपास तोच राहतो. सप्लाय बदलून वेग बदलायच्या भानगडीत पडू नका.

हाय वेळेत दोन रेझिस्टर आणि लो वेळेत एक, त्यामुळे हाय नेहमी लोपेक्षा मोठाच. या साध्या सर्किटमधून पन्नास टक्के किंवा त्याहून कमी ड्युटी सायकल मिळत नाही. आपल्याला तर दिवा पाव वेळच पेटवायचाय. इथे पोरं अडतात आणि वरचा रेझिस्टर कमी कमी करत शून्याकडे नेतात.

सावधान: वरचा रेझिस्टर शून्य म्हणजे पिन ७ थेट प्लसला. रिकामं करायची वेळ आली की आतला ट्रान्झिस्टर प्लस आणि ग्राउंड शॉर्ट करतो. वरच्या जागी नुसता पॉट लावून तो टोकापर्यंत फिरवला तरी हेच होतं. मी स्वतः असा एक फिरवलाय. आयसीच्या पाठीवर फोड आला आणि बोटाला चटका बसला. पॉट लावायचाच असेल तर त्याच्या मालिकेत निदान एक किलोओहमचा रेझिस्टर कायमचा टाका.

टेबलावर यातून सोपी वाट आहे. एलईडी पिन ३ आणि ग्राउंडच्या मध्ये लावण्याऐवजी प्लस आणि पिन ३ च्या मध्ये लावायचा. मग तो आउटपुट लो असताना पेटतो. पेटण्याचा वेळ म्हणजे लो वेळ, आणि तो छोटाच असतो. म्हणून कागदावर लिहा: लो पाव सेकंद, हाय पाऊण सेकंद.

## टप्पा २: आधी कपॅसिटर

कपॅसिटर आधी ठरवायचा, कारण रेझिस्टर हव्या त्या किमतीच्या जवळ मिळतो, कपॅसिटर मिळत नाही. दुकानात १, १०, १०० मायक्रोफॅरड नेहमी असतात. मधलं काही मागितलं की दुकानदार ड्रॉवर उघडझाप करत बसतो.

असा कपॅसिटर घ्या की रेझिस्टर साधारण दहा हजार ते काही लाख ओहमच्या टापूत येतील. सेकंदाच्या आसपासच्या कामाला १० मायक्रोफॅरड बरोबर बसतो. १ घेतला तर रेझिस्टर दहापट मोठे होतील, तेही चालेल. उलट १००० मायक्रोफॅरड घेतला तर रेझिस्टर काहीशे ओहमवर येतात आणि पिन ७ मधून उगाच जास्त करंट जातो.

दुसऱ्या टोकाची चूक जास्त फसवी आहे. पाच-दहा मिनिटांचा वेळ हवा म्हणून कुणी मोठा इलेक्ट्रोलायटिक आणि वर दोन-अडीच मेगओहम लावतो. १२ व्होल्टवर कपॅसिटर ८ व्होल्टपर्यंत चढायला हवा. तिथे पोचताना रेझिस्टरवर फक्त ४ व्होल्ट उरलेले असतात, म्हणजे २.२ मेगओहममधून दोन मायक्रोअँपिअरसुद्धा येत नाहीत. मोठ्या इलेक्ट्रोलायटिकची स्वतःची गळतीच तेवढी असू शकते. मग वरून येतं तेवढं गळून जातं, पाणी ८ व्होल्टच्या खुणेला कधी लागतच नाही, आणि आउटपुट कायम हाय. इलेक्ट्रोलायटिक असेल तर दोन्ही रेझिस्टर मिळून एक मेगओहमच्या आतच ठेवा.

तपासा: मल्टिमीटरवर कपॅसिटन्सची रेंज असेल तर बसवण्याआधी मोजून घ्या. इलेक्ट्रोलायटिकवर १० लिहिलं असलं तरी वीस टक्के इकडेतिकडे हा नेहमीचा हिशेब. रेझिस्टर मात्र पाच टक्क्यांचे असतात. म्हणजे वेळेतली मोठी चूक जवळजवळ नेहमी कपॅसिटरची. फ्रिक्वेन्सी पक्की हवी असेल तर पॉलिएस्टरचा घ्या आणि रेझिस्टर त्या मानाने मोठे करा. स्वस्तातले पिवळे सिरॅमिक चकतीवाले वेळ ठरवायच्या जागी लावू नका, त्यांची किंमत तापमानाबरोबर बरीच हलते.

## टप्पा ३: मग खालचा रेझिस्टर

लो वेळेत तो एकटाच आहे, म्हणून तो एकट्याने ठरतो. इथे एककांची एक सोय आहे: किलोओहम आणि मायक्रोफॅरडमध्ये आकडे घातले की उत्तर थेट मिलिसेकंदांत येतं. शून्यं मोजत बसावं लागत नाही, आणि कॅल्क्युलेटरवर हजारपट घोटाळा होतो तो याच शून्यांमुळे.

```
Rb = 250 / (0.693 × 10) = 36 (kΩ)
```

छत्तीस सहज मिळत नाही, ३३ मिळतो. ३३ घेतला तर लो वेळ २२९ मिलिसेकंद. डोळ्याला पाव सेकंदच.

## टप्पा ४: वरचा शेवटी, वजाबाकीने

हाय वेळेतून दोघांची बेरीज काढा आणि खालचा वजा करा. खालचा ३६ वरून ३३ केलाय, तेव्हा हाय वेळही त्याच प्रमाणात ७५० ऐवजी ७०० धरू, म्हणजे पाव-पाऊणचं नातं टिकेल.

```
Ra + Rb = 700 / (0.693 × 10) = 101 (kΩ)
Ra      = 101 - 33 = 68 (kΩ)
```

अडुसष्ट नेहमीच्या किमतींत आहेच. आता उलट जाऊन ताळा करा: लो २२९, हाय ७००, एक फेरी ९२९ मिलिसेकंद, म्हणजे मिनिटाला साधारण ६५ वेळा. आउटपुटची ड्युटी सायकल १०१ भागिले १३४, म्हणजे ७५ टक्के. दिवा उरलेले २५ टक्के पेटतो. एक आडाखा लक्षात राहू द्या: वरचा खालच्याच्या दुप्पट असला की ७५ टक्के. वरचा खालच्यापेक्षा बराच लहान असला की पन्नासच्या जरा वर.

ड्युटी सायकलच्या हिशेबात कपॅसिटर कुठेच आला नाही, हे पाहिलंत? पुढे दोष शोधताना याच गोष्टीचा सगळ्यात जास्त उपयोग होणार आहे.

## टप्पा ५: ब्रेडबोर्डवर, याच क्रमाने

आयसी खाचेच्या बाजूने धरा. खाच डावीकडे असेल तर खालच्या रांगेतली डावीकडची पहिली पिन १. तिथून उजवीकडे ४ पर्यंत, मग वरच्या रांगेत उजवीकडून परत डावीकडे ८ पर्यंत.

१. आधी सप्लाय. पिन १ ग्राउंडला, पिन ८ प्लसला. या दोघींच्या मध्ये, आयसीला अगदी खेटून, १०४ लिहिलेला सिरॅमिक, आणि जवळच १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलायटिक. साधी ५५५ आउटपुट बदलताना क्षणभर सप्लायमधून करंटचा मोठा घोट घेते. हे दोघं नसतील तर त्या धक्क्याने तिचीच पिन २ किंवा ६ फसते.

२. पिन ४ प्लसला. ती रिसेट आहे. मोकळी ठेवली तर कधी चालते, कधी बोट जवळ नेलं की बंद पडते.

३. पिन ५ वर १०३ लिहिलेला सिरॅमिक, दुसरं टोक ग्राउंडला. इथेच आतली दोन तृतीयांशाची पातळी बाहेर आलेली असते. ती हलली की वेळ हलला.

४. पिन २ आणि ६ आयसीवरून जाणाऱ्या छोट्या जंपरने जोडा.

५. वरचा ६८ किलोओहम पिन ८ ते ७. खालचा ३३ किलोओहम पिन ७ ते ६.

६. वेळेचा १० मायक्रोफॅरड पिन २ ते ग्राउंड. पट्टा असलेली बाजू ग्राउंडला.

७. एलईडीचा लांब पाय एक किलोओहममधून प्लसला, आखूड पाय पिन ३ ला.

सावधान: लांब ब्रेडबोर्डच्या कडेच्या सप्लायच्या रांगा बऱ्याचदा मध्यावर तुटलेल्या असतात. अर्धं सर्किट उपाशी राहतं आणि दोष आयसीवर येतो. मीटर थेट पिन ८ आणि १ वर टेकवा, रांगेवर नको.

तपासा: दोन्ही रेझिस्टर बसवण्याआधी ओहममध्ये मोजा. ३३ म्हणजे नारिंगी-नारिंगी-नारिंगी, ६८ म्हणजे निळा-करडा-नारिंगी. पिवळ्या बल्बखाली शेवटचा नारिंगी पट्टा आणि लाल पट्टा सारखेच दिसतात. लाल असेल तर तो ६.८ आहे. मागच्या महिन्यात एका पोराने तोच लावला होता. दिवा जवळपास अर्धा वेळ पेटलेला, अर्धा विझलेला, आणि तो बिचारा कपॅसिटर बदलत बसलेला.

## टप्पा ६: घड्याळ लावून तपासणी

सप्लाय दिल्यावर पहिलाच काळ लांब जाणार. कपॅसिटर शून्यापासून निघतो, एक तृतीयांशापासून नाही. ७०० ऐवजी अकराशे मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. हा बिघाड नव्हे. फक्त पहिली फेरी मोजणीत धरायची नाही.

मोबाइलचं स्टॉपवॉच लावून साठ लुकलुकी मोजा. हिशेबाने ५६ सेकंद यायला हवेत. ६१ आले तर कपॅसिटर १० ऐवजी ११ आहे, इतकंच.

पण पेटलेला आणि विझलेला वेळ वेगवेगळा मोजायला ही फेरी फार जलद पडते. ऑसिलोस्कोप सगळ्यांकडे नसतो. तेव्हा वेळेचा कपॅसिटर तात्पुरता काढून तिथे १०० मायक्रोफॅरड लावा. सगळं दहापट हळू होतं: दिवा साधारण ७ सेकंद विझलेला, २.३ सेकंद पेटलेला. आता दोन्ही आकडे हातात आले. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून लाल टोक पिन ६ वर टेकवलंत तर १२ व्होल्टच्या सप्लायवर आकडा ४ पासून हळूहळू ८ पर्यंत चढताना आणि परत ४ कडे जरा झपाट्याने उतरताना डोळ्यांसमोर दिसतो. हे एकदा पाहिलेल्या पोराला सूत्र पुन्हा सांगावं लागत नाही, हा माझा अनुभव.

आता निदान. दोन्ही वेळा चुकल्या पण त्यांचं प्रमाण बरोबर, साधारण तीनास एक, असं असेल तर दोष कपॅसिटरचा. प्रमाणच बिघडलं असेल तर रेझिस्टरकडे पाहा, कपॅसिटरला हात लावू नका.

यातला एक प्रकार वारंवार येतो, म्हणून सांगतो. वरचा आणि खालचा यांची अदलाबदल झाली की विझलेला वेळ तसाच ७ सेकंद राहतो, कारण भरताना बेरीज लागते आणि बेरीज तीच आहे. फक्त पेटलेला वेळ २.३ वरून ४.७ होतो. एक वेळ बरोबर आणि दुसरा दुप्पट दिसला की सरळ दोघांच्या जागा बदला.

दिवा हलतच नसेल तर पिन ६ चा व्होल्टेज बघा. तो ८ च्या वर, सप्लायच्या आसपास जाऊन बसलाय आणि दिवा पेटूनच आहे, तर पिन ७ ची जोडणी सुटली आहे. कपॅसिटर भरतोय, रिकामा करायला वाट नाही. ८ च्या खालीच अडकलाय आणि दिवा विझलेला, तर कपॅसिटर गळका किंवा उलटा बसलेला. शून्यावरून हलत नाही, तर वरून करंटच येत नाही किंवा कपॅसिटर शॉर्ट आहे. आणि पिन ७ व ६ चुकून जंपरने जुळल्या असतील तर खालचा रेझिस्टर शून्य झाला. कपॅसिटर पाणी ओतल्यासारखा एकदम रिकामा होतो, लो वेळ डोळ्याला दिसतच नाही आणि दिवा विझल्यासारखा वाटतो.

## टप्पा ७: ट्रॉलीवर नेताना डायोडची जोड

टेबलावरचा एक एलईडी प्लसला टांगून काम झालं. ट्रॉलीला १२ व्होल्टची लाल एलईडी पट्टी लावायची होती, आणि तिचा करंट आयसीच्या पिन ३ वर टाकणं मला पटत नाही. साधी ५५५ दोनशे मिलिअँपिअरपर्यंत झेपवते असं डेटाशीटमध्ये असलं तरी मी शंभरच्या आत राहतो. पट्टीसाठी मध्ये आयआरएफझेड ४४ हा मॉसफेट घातला. तो आउटपुट हाय असताना चालू होतो. म्हणजे पुन्हा अडचण तीच: पेटलेला वेळ हाय झाला, आणि हाय तर लांब असतो.

यावर उपाय एक छोटा १एन ४१४८ डायोड. तो खालच्या रेझिस्टरला समांतर लावायचा, पट्ट्याची बाजू पिन ६ कडे, दुसरी पिन ७ कडे. आता भरतानाचा करंट खालच्या रेझिस्टरला वळसा घालून डायोडमधून जातो, म्हणजे भरणं फक्त वरच्याने. रिकामं होताना डायोड बंद, म्हणून ते फक्त खालच्याने. दोन वेळा वेगळ्या झाल्या, हाय कितीही लहान करा.

पण इथे सूत्र जसंच्या तसं चालवू नका. डायोड स्वतः अर्धा-पाऊण व्होल्ट खातो, त्यामुळे शेवटी शेवटी भरण्याचा जोर कमी पडतो. १२ व्होल्टवर हाय वेळ हिशेबापेक्षा साधारण अकरा टक्के लांबतो, ५ व्होल्टवर जवळपास एक तृतीयांशाने. सप्लाय बदलला तरी वेळ तोच हा मघाचा फायदाही इथे हाय वेळेपुरता गेला. १२ व्होल्टसाठी मी ०.६९३ च्या जागी ०.७७ धरतो:

```
t_high = 0.77  × 33  × 10 = 254 ms
t_low  = 0.693 × 100 × 10 = 693 ms
```

म्हणजे वर ३३, खाली १०० किलोओहम, कपॅसिटर तोच १०. पेटलेला पाव सेकंद, विझलेला सातशे मिलिसेकंद. जे हवं होतं ते.

तपासा: डायोड उलटा बसला तर भरणं दोन्ही रेझिस्टरमधून होतं आणि रिकामं होणं डायोडमधून झटक्यात. पट्टी सतत पेटलेली दिसते.

पिन ३ पासून शंभर ओहममधून मॉसफेटच्या गेटला, सोर्स ग्राउंडला, पट्टीचा मायनस ड्रेनला, पट्टीचा प्लस फ्यूजमधून थेट बॅटरीला. आयसीचा सप्लाय मात्र वेगळा काढायचा. इंजिन चालू असताना ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चौदा-साडेचौदा व्होल्ट असतात आणि स्टार्टर किंवा हॉर्नचे झटके त्याहून वर जातात. साध्या ५५५ ची चालवण्याची मर्यादा १६ आहे. म्हणून १एन ४००७ डायोड, मग शंभर ओहमचा अर्ध्या वॉटचा रेझिस्टर, आणि आयसीच्या पिन ८ व १ वर १५ व्होल्टचा एक वॉटचा झेनर. वायर उलटी जोडली गेली तरी डायोड आयसीला वाचवतो. मॉसफेटला नाही, त्याच्या आतल्या डायोडमधून पट्टीला उलटा सप्लाय जातो, म्हणून लाल-काळी वायर जोडतानाच दोनदा बघा.

पहिल्यांदा मी झेनर लावला नव्हता. चौथ्या दिवशी गाडी परत आली, दिवा कायमचा पेटलेला. आयसी बदलली, झेनर टाकला, आणि बोर्ड डब्यात बसवायच्या आधी कपॅसिटरच्या बुडाशी गरम ग्लूचा एक थेंब सोडला, कारण दुसऱ्या खेपेला ट्रॉलीच्या धक्क्यांनी त्याचा एक पाय सोल्डरपाशीच तुटला होता. कपॅसिटर निघाला की पिन २ आणि ६ वर तारांचा जेमतेम कपॅसिटन्स उरतो, आयसी कित्येक हजारपट वेगाने धावू लागते आणि पट्टी मंद, न लुकलुकता जळत राहते. मंद आणि स्थिर उजेड दिसला की आधी कपॅसिटरचे पाय हलवून बघा.